बुडालेले कर्ज आणि कागदावरचा नफा

बीडच्या मोंढ्यातील एका हमालाने आम्हांला एकदा विचारले, "बँकेचा धंदा नेहमीसारखाच चालला, मग या साली सभासदांना लाभांश का नाही?" या प्रश्नाचे उत्तर बँकेच्या अहवालातील 'तरतूद' या एका शब्दात असते.

दिलेले कर्ज ही बँकेची जिंदगी होय. मुदतीच्या कर्जाचा हप्ता किंवा व्याज 90 दिवसांहून अधिक थकले, की ती जिंदगी अनुत्पादक ठरते. अल्पमुदतीच्या पिकांवरील पीककर्जाला मात्र दोन हंगामांची सवड असते. अनुत्पादक ठरलेले कर्ज पहिले 12 महिने 'दुय्यम', त्यापुढे 'संशयित', आणि वसुलीची आशाच संपली तर 'बुडीत' समजले जाते.

आता हिशेब पाहू. समजा, एका नागरी सहकारी बँकेचे जिनिंग कारखान्याकडे 50 लाख येणे आहे आणि हप्ते थांबले. न मिळालेले व्याज बँकेला उत्पन्नात धरता येत नाही. आधी धरले असेल तर ते वजा करावे लागते. शिवाय दुय्यम कर्जावर 10 टक्के, म्हणजे 5 लाखांची तरतूद करावी लागते. पुढच्या साली कर्ज संशयित झाले. तारण मालमत्ता 30 लाखांचीच निघाली. मग तारणाबाहेरच्या 20 लाखांवर पूर्ण, आणि तारण असलेल्या 30 लाखांवर 20 टक्के, म्हणजे 6 लाख, अशी एकूण 26 लाखांची तरतूद हवी. पैकी 5 लाख आधीच केलेली. उरलेले 21 लाख या सालच्या कमाईतून काढायचे. बँकेची कमाई 12 लाख असेल, तर अहवालात 9 लाख तोटा दिसतो.

या साली तिजोरीतून कोणी 21 लाख नेले नाहीत. पैसा कर्ज दिले त्याच दिवशी गेला. तरतूद म्हणजे त्या नुकसानीची कबुली. उद्या वसुली झाली, तर ही रक्कम पुन्हा नफ्यात येते.

कबुली टाळली, तर नफा दिसत राहतो. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेने 2018-19 साली सुमारे 100 कोटींचा नफा दाखविला. परंतु तिच्या कर्जांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकली होती, आणि ती हजारो बनावट खात्यांआड लपविली होती. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारांना प्रथम फक्त 1,000 रुपये काढता येत होते.

म्हणून वार्षिक सभेत नफ्याचा आकडा ऐकून टाळी वाजविण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: अनुत्पादक कर्ज किती, आणि त्यावर तरतूद किती? आणि तिसरी गोष्ट: 31 मार्चच्या तोंडावर जुनी थकबाकी फेडण्यासाठी त्याच कर्जदारांना नवी कर्जे दिली काय? तसे असेल, तर तो नफा खरा नव्हे. त्या हमालाच्या बँकेने लाभांश नाकारून निदान खरे तरी सांगितले होते.