एकाच ग्राहकावर घर चालतं तेव्हा

समजा, पुण्यातली एक अनुवादक महिन्याला ६०,००० रुपये कमावते आणि त्यातले ४५,००० एकाच प्रकाशन कंपनीकडून येतात. म्हणजे ७५ टक्के. त्या कंपनीने हात आखडता घेतला, तर घरखर्चच अडेल.

अशा वेळी मोठा ग्राहक सोडायचा नसतो. आधी तासांचा हिशेब मांडायचा. कंपनीच्या कामाला १२० तास लागतात, म्हणजे तासाला ३७५ रुपये. उरलेले १५,००० मात्र ३० तासांत मिळतात, म्हणजे तासाला ५००. कंपनीचं सर्वांत कमी पैशांचं काम, समजा २४ तासांचं मुद्रितशोधन, तिने नम्रपणे थांबवलं, तर ९,००० जातील. तेच तास ५००च्या दराने भरले, तर १२,००० येतील. मिळकत ६३,००० होईल आणि कंपनीचा वाटा ५७ टक्क्यांवर येईल.

नवं काम जुन्या छोट्या ग्राहकांकडेच आधी मागावं. त्यांना तिचं काम ठाऊक असतं. मात्र नव्या कामाचे पैसे उशिरा हातात पडतात. म्हणून तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्यावरच जुनं काम कमी करावं. त्याआधी करारात इतरांचं काम घेण्यास मनाई नाही ना, तेही तपासावं.