पंखा बंद, प्रोसेसर मंद

२००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. संगणकांवर ‘क्वेक थ्री’ हा खेळ चालू असतानाच प्रोसेसरवरची हीटसिंक काढून घेतली गेली. एएमडीच्या ॲथलॉनमधून धूर निघाला आणि प्रोसेसर कायमचा गेला. इंटेलचा पेंटियम थ्री जागच्या जागी थिजला. पेंटियम फोरवरचा खेळ मात्र बंद पडला नाही, नुसता रखडत चालू राहिला आणि हीटसिंक परत बसवताच पूर्वपदावर आला.

पेंटियम फोरमध्ये स्वतःचं तापमान ओळखून वेग उतरवण्याची सोय होती. आज प्रत्येक सर्व्हरच्या प्रोसेसरात ती असते, तिला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. प्रोसेसरनुसार कमी-जास्त, पण साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मर्यादा आली की तो वेग आणि व्होल्टेज दोन्ही खाली आणतो. खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे दोन्ही थोडे उतरवले तरी उष्णता बरीच घटते. चिप वाचते. पण यंत्र चालूच राहिल्याने पंखा मेल्याची खबर कोणाला लागत नाही.

एखाद्या तालुक्याच्या गावातली पतसंस्था डोळ्यांपुढे आणा. सर्व्हर मागच्या खोलीत, जुन्या रजिस्टरांच्या शेजारी. सकाळी सगळं सुरळीत, अकराच्या सुमारास काउंटरवर रांग वाढली की पासबुकाची नोंद अडकते. सॉफ्टवेअरवाला डेटाबेसकडे बोट दाखवतो, नेटवर्कवाला लाइनकडे. कोणीतरी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतो, थोडा वेळ बरं चालतं आणि पुन्हा तेच. बंद असतानाच्या त्या चार मिनिटांत चिप थंड झालेली असते, एवढंच.

सर्वांत फसवा असतो पडद्यावरचा टक्का. प्रोसेसर १०० टक्के व्यस्त दिसला की काम वाढलं, असा समज होतो. पण हा टक्का किती वेळ व्यस्त होता हे मोजतो, त्या वेळात किती काम उरकलं ते नाही. समजा, ३ गिगाहर्ट्झवर प्रोसेसर निम्मा वेळ व्यस्त असायचा. वेग १.२ गिगाहर्ट्झवर आला तर तेवढ्याच हिशेबाच्या कामाला १२५ टक्के वेळ लागेल. तो मिळणं शक्य नाही, म्हणून कामं साचत जातात. सकाळी ३० टक्केच भार होता, तर तो ७५ होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘अकरालाच का बिघडतं’ या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या गुणाकारात आहे.

लिनक्सवर खात्री करायला फार वेळ लागत नाही:

```
grep MHz /proc/cpuinfo
cat /sys/devices/system/cpu/cpu0/thermal_throttle/package_throttle_count
ipmitool sdr type Fan
```

पहिली ओळ सध्याचा वेग दाखवते. भार असतानाच तो पाहावा, कारण रिकामा प्रोसेसर वीज वाचवायलाही वेग उतरवतो. दुसऱ्या ओळीतला आकडा इंटेलच्या प्रोसेसरवर मिळतो. रिस्टार्टनंतर तो शून्यापासून सुरू होतो, आणि पुन्हा पुन्हा पाहताना वाढत असेल तर थ्रॉटलिंग चालू आहे. तिसरी ओळ प्रत्येक पंख्याचे फेरे सांगते. एका पंख्यापुढे `0 RPM` आणि बाकीचे जिवाच्या आकांताने फिरताहेत, असं दिसलं की चोर सापडला. बाकीच्यांच्या त्या घरघरीने खरं तर आधीच सांगितलेलं असतं, पण मागच्या खोलीत ऐकणार कोण!

एक पंखा गेला तर तेवढीच हवा कमी झाली, असंही नाही. सर्व्हरमध्ये हवा समोरून शिरून मागून बाहेर पडते. मेलेल्या पंख्याच्या भोकातून शेजारच्यांनी ढकललेली हवा उलटी परत येते आणि तिथेच घुटमळते. हवेची वाट अशी ठरलेली असते, म्हणूनच झाकण उघडून समोर टेबलफॅन लावण्याचा आपला आवडता उपाय रॅकमधल्या सर्व्हरला बहुधा मारक ठरतो: हवेला हीटसिंकच्या पात्यांमधून जायला भाग पाडणारी वाटच मोडते. प्लास्टिकचं एअर श्राउड दुरुस्तीनंतर फळीवर विसरलं, तरी हेच होतं.

पंखा बदलल्यावर तोच भार देऊन थ्रॉटलिंगचा आकडा स्थिर राहतो का, हे पाहायचं. तरीही तापत असेल तर हीटसिंकमधली धूळ आणि सुकलेली थर्मल पेस्ट तपासायची.

कधी मात्र तापमान ५० अंशच असतं आणि वेग ८०० मेगाहर्ट्झवर अडकून बसतो. प्रोसेसरला ‘तापला आहेस’ असा इशारा देणारी `PROCHOT` ही तार मदरबोर्डही ओढू शकतो. दोन पॉवर सप्लायपैकी एक गेला की उरलेल्यावर भार पडू नये म्हणून काही सर्व्हर हेच करतात. तिथे नवा पंखा घालून काही होणार नाही. `ipmitool sel list` मध्ये पॉवर सप्लायची नोंद शोधावी लागते.