सामनेवाला कोण?

ग्राहक आयोगात तक्रार करायची तर अर्जावर वर तक्रारदाराचं नाव येतं, मध्ये ‘विरुद्ध’ आणि त्याखाली सामनेवाल्याचं नाव आणि पूर्ण पत्ता. दर शनिवारी मी एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बसते, आणि लोक सगळ्यात जास्त अडतात ते या खालच्या ओळीवर. दीड लाखाचा सोफा घेतलेला माणूस साइटचं नाव सांगतो, मोबाइलवर तिचं ॲप उघडून दाखवतो. पण साइटचं नाव हा एक ब्रँड असतो. नोटीस बजावता येते ती कंपनीवर, भागीदारी संस्थेवर किंवा माणसावर. वस्तू आपल्याला नेमकी कोणी विकली, हे पैसे गेल्यावर शोधणं फार जड जातं. पैसे देण्याआधी ते अर्ध्या तासात कळतं.

माझ्या ताईच्या सासऱ्यांचं गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं. बटण दाबलं की डोक्याकडची बाजू उचलली जाते अशी मोटरची कॉट घ्यायची ठरली. एका साइटवर ती एक लाख अठरा हजारांना होती, पैसे पूर्ण आगाऊ. ताईने पैसे भरण्याआधी मला फोन केला. “तू एकदा बघून घे गं, मग मी भरते.” मी तिला म्हटलं, आज भरू नकोस, रात्री दोघी मिळून त्यांच्या अटी वाचू.

साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात ‘Terms & Conditions’ असतं. ती पानं अथपासून इतिपर्यंत वाचण्याची गरज नसते, आधी दोन जागा गाठायच्या. पहिली जागा सुरुवातीलाच असते. तिथे ‘we’, ‘us’, ‘our’ म्हणजे कोण, हे सांगितलेलं असतं: ही साइट अमुक प्रायव्हेट लिमिटेड चालवते, तिचं नोंदणीकृत कार्यालय इथे आहे. ताईच्या साइटवर गुरुग्रामच्या एका खासगी कंपनीचं नाव होतं. ताई म्हणाली, “झालं की मग, कंपनी सापडली.” खरी फसगत होते ती इथेच. ही साइट चालवणारी कंपनी झाली. विकणारी तीच आहे, असं त्या वाक्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं.

दुसरी जागा खूप खाली होती. तिथे लिहिलं होतं की ही साइट केवळ ‘intermediary’ आहे आणि विक्रीचा करार फक्त ‘Buyer’ आणि ‘Seller’ यांच्यात होतो, कंपनी त्या करारात पक्षकार नाही. या एका वाक्याने वरची कंपनी बाजूला झाली. म्हणून लांबलचक अटींमध्ये मी आधी ‘Seller’ आणि ‘intermediary’ हे दोन शब्द शोधते. ब्राउझरमधल्या ‘Find in page’ने ते लगेच सापडतात.

यात बेकायदा काही नाही. आपल्याकडे परकीय गुंतवणूक असलेल्या बाजारपेठ-साइटना स्वतःच्या मालकीचा माल थेट ग्राहकाला विकायला परवानगी नाही. २०१६ च्या आणि २०१८ च्या सरकारी प्रेसनोटमध्ये तसं स्पष्ट आहे. त्यामुळे मोठ्या साइटवरसुद्धा वस्तूच्या पानावर ‘Sold by’ असं लिहून पुढे दुसरंच नाव असतं. ते नाव म्हणजे आपला विक्रेता. एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकाच वस्तूचा रंग किंवा आकार बदलला की पुष्कळदा हे नावही बदलतं. आपण करड्या रंगाचा विक्रेता तपासतो आणि मागवतो तपकिरी. म्हणून पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर ते नाव पुन्हा वाचायला हवं.

ताईच्या कॉटच्या पानावर ‘Sold by’पुढे एक भारदस्त नाव होतं, शेवटी ‘हेल्थकेअर’ असलेलं. त्यावर दाबल्यावर विक्रेत्याचं पान उघडलं आणि तिथे जीएसटी क्रमांक मिळाला. तो पंधरा अक्षरांचा असतो आणि पुष्कळ काही सांगतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे विक्रेत्याचा पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर म्हणजेच जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर बघायचं. तिथे ‘C’ असेल तर विक्रेता कंपनी आहे, ‘F’ असेल तर भागीदारी किंवा एलएलपी, आणि ‘P’ असेल तर एकटी व्यक्ती. या क्रमांकाची सुरुवात ०७ ने होती, म्हणजे दिल्ली, आणि सहाव्या जागी ‘P’ होता.

मग आम्ही `gst.gov.in` वर ‘Search Taxpayer’मध्ये तो क्रमांक टाकला. तिथे लॉगिन लागत नाही. ‘Trade Name’पुढे ते हेल्थकेअरवालं नाव होतं आणि ‘Legal Name of Business’पुढे एका माणसाचं. ‘Constitution of Business’पुढे ‘Proprietorship’, नोंदणी ‘Active’, आणि नोंदणीची तारीख चार महिन्यांपूर्वीची. म्हणजे ताई एक लाख अठरा हजार देणार होती ते दिल्लीतल्या एका माणसाला, ज्याने चार महिन्यांपूर्वी धंदा नोंदवला होता.

एकट्याचा धंदा म्हणजे फसवा धंदा नव्हे. आपल्या गल्लीतला वाणीही तसाच असतो, आणि ‘Private Limited’ लागलं म्हणून भरवसा वाढतो असंही नाही. उलट खासगी कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती असते. ती बुडाली तर सर्वसाधारणपणे संचालकांच्या खिशातून पैसे मिळत नाहीत. फरक पडतो तो अपेक्षेत. पाच वर्षांची वॉरंटी चार महिन्यांच्या धंद्याकडून घेताना आपण काय घेतो आहोत हे ठाऊक असावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

विक्रेता कंपनी असेल तर तिचा २१ अक्षरांचा सीआयएन क्रमांक असतो. पुष्कळ साइट तो तळाशी देतात. फ्लिपकार्टच्या पानाच्या तळाशी हा दिसतो:

```
U51109KA2012PTC066107
```

पहिलं ‘U’ म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली कंपनी, नोंद असती तर ‘L’ असतं. मग धंद्याचा पाच आकडी संकेतांक, ‘KA’ म्हणजे कर्नाटक, २०१२ हे स्थापनेचं वर्ष, ‘PTC’ म्हणजे खासगी कंपनी आणि शेवटी नोंदणी क्रमांक. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या `mca.gov.in` वर ‘Master Data’मध्ये या क्रमांकावरून कंपनीचा पत्ता आणि सद्यःस्थिती कळते. तिथे ‘Strike Off’ किंवा ‘Under Liquidation’ दिसलं तर आगाऊ पैसे देण्याचा विचार सोडून द्यावा.

मात्र क्रमांक खरा आहे म्हणून साइट खरी ठरत नाही. एखाद्या चांगल्या कंपनीचा जीएसटी क्रमांक उचलून कोणीही आपल्या पानावर चिकटवू शकतो. म्हणून सरकारी पानावरचं नाव, अटींमधलं नाव आणि पैसे भरताना यूपीआयवर दिसणारं नाव शेजारी शेजारी ठेवून बघावीत. पैसे भरण्याच्या मध्यस्थ सेवेचं किंवा साइट चालवणाऱ्या कंपनीचं नाव तिथे दिसू शकतं, त्यात गैर नाही. पण अटींमध्ये कंपनी आणि पैसे मात्र कुण्या तिऱ्हाईत माणसाच्या खात्यात, असं असेल तर थांबावं. ताईच्या साइटचं गोपनीयता धोरण वाचताना आणखी एक गोष्ट सापडली. त्यात अमेरिकेतल्या डेलावेअरच्या एका कंपनीचं नाव होतं, जिचा बाकी कुठेही उल्लेख नव्हता. बहुधा कुणाचा तरी मसुदा उचलून नाव बदलायचं राहून गेलं होतं. स्वतःचं नाव जिथे नीट लिहिलेलं नाही, तिथे परतीच्या अटी कितपत विचार करून लिहिल्या असतील, असा प्रश्न मला पडला.

विक्रेता खरोखरच परदेशी कंपनी असेल तर गोष्ट आणखी अवघड. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर माल विकणाऱ्या परदेशी साइटनाही लागू आहेत. पण जिचं इथे कार्यालय नाही आणि मालमत्ताही नाही, तिच्याकडून आदेशाची रक्कम वसूल करणं फार कठीण असतं. त्याउलट ‘फक्त गुरुग्रामच्या न्यायालयात’ या अटीला घाबरून जाऊ नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. आणि लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय आहे.

त्याच ई-कॉमर्स नियमांनुसार साइटने आपलं कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव-संपर्क स्पष्ट द्यायला हवा, तसंच विक्रेत्याचं नाव आणि पत्ताही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात, हेही त्यात आहे. आम्ही त्या अधिकाऱ्याला मेल लिहिली, विकत घेण्याआधीच. बिल कोणाच्या नावाने येईल, मोटरची वॉरंटी कोण देणार, आणि कॉट परत करायची झाली तर कुठल्या पत्त्यावर व कोणाच्या खर्चाने, एवढंच विचारलं. उत्तर दोन दिवसांत आलं आणि ते प्रामाणिक होतं: बिल दिल्लीच्या विक्रेत्याचं, वॉरंटी उत्पादकाची, परतीचा वाहतूक खर्च ग्राहकाचा.

मग ताईने थेट उत्पादकाला फोन केला. त्यांचा पुण्यात विक्रेता निघाला. त्याच्याकडे तीच कॉट सहा हजारांनी महाग होती, पण बिलावर त्याच्या फर्मचं नाव, पुण्याचा पत्ता आणि वॉरंटी कार्डावर उत्पादकाचा शिक्का होता. ताईने तिथून घेतली. दिल्लीच्या त्या माणसाने आम्हाला फसवलं असतं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला काहीच आधार नाही. पण सव्वाशे किलोची कॉट दिल्लीला परत धाडणं तिला परवडणारं नव्हतं.

तुम्ही साइटवरूनच घेणार असाल तर पैसे भरण्याच्या दिवशी अटींचं पान आणि ‘Sold by’ दिसणारं वस्तूचं पान पीडीएफ करून ठेवा. अटी साइट कधीही बदलू शकते, आणि आयोगासमोर तुम्ही घेतलं त्या दिवशी काय लिहिलं होतं हे दाखवावं लागतं. घरी माल आला की बिलावरचं नाव आणि जीएसटी क्रमांक त्या पानाशी ताडून बघा. वेगळं निघालं तर त्याच दिवशी तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते.