ॲपमधले दोनशे आणि कार्डातले दहा

आषाढी एकादशीचा दिवस, रविवार, ६ जुलै २०२५. आमच्या एका सहशिक्षिका बाईंनी रात्री मोबाइलवरील ॲपमधून आपल्या मेट्रो कार्डात २०० रुपये भरले. ॲपने आधीची शिल्लक ६० रुपये दाखवली होती, म्हणजे आता २६० झाले असे समजून त्या निश्चिंत झोपल्या. सोमवारी सकाळी स्थानकाच्या फाटकावर कार्ड टेकवले, तर फाटक उघडेना. पडद्यावर शिल्लक होती १० रुपये! शाळेत पोचायला उशीर झाला तो झालाच. वर आपले अडीचशे रुपये कोणी गिळले, हा प्रश्न दिवसभर शिक्षकखोलीत चर्चेला पुरला.

पैसे कोणीच गिळले नव्हते. पण ते कोठे होते हे शोधायचे, तर आधी कार्डाची रचना समजून घ्यायला हवी.

बाईंचे कार्ड २०१९ मध्ये आपल्या देशात सुरू झालेल्या ‘नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड’ या प्रकारचे आहे. बँक ते देते आणि मेट्रोत किंवा बसमध्ये ते चालते. त्याच्या पोटात एक चिप आणि तारेचे एक वेटोळे असते. बॅटरी नसते. फाटकावरील यंत्र १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. त्यामुळे वेटोळ्यात वीज प्रवर्तित होते आणि तेवढ्यापुरती चिप जागी होते. यंत्रापासून काही सेंटिमीटर दूर नेले की कार्ड पुन्हा निद्रिस्त! घरी पर्समध्ये पडलेल्या अशा कार्डाशी बँकेच्या संगणकाला बोलता येईल का? अर्थातच नाही.

दुसरी बाब वेळेची. गर्दीच्या वेळी माणसांची रांग न थांबता फाटकातून गेली पाहिजे. प्रत्येकासाठी दूरच्या संगणकाला विचारत बसणे परवडत नाही, शिवाय भुयारी स्थानकात संपर्क तुटला तर सगळेच अडकणार. म्हणून या कार्डात प्रवासासाठीची रक्कम चिपमध्येच लिहून ठेवलेली असते. फाटक ती वाचते, भाडे वजा करते, उरलेली पुन्हा लिहिते आणि झालेल्या व्यवहाराची नोंद सवडीने बँकेकडे पाठवते.

बँकेच्या पासबुकाशी याची तुलना करून पाहू. खात्यावर व्याज जमा झाले तरी पासबुक छापून आणेपर्यंत ते आपल्याला दिसत नाही. कार्डाचेही तसेच आहे. बँकेच्या संगणकात एक वही आणि चिपमध्ये दुसरी. फरक इतकाच, की बँकेत खातेवही खरी मानतात आणि पासबुक मागे पडलेले असते. फाटकाला मात्र फक्त पासबुकच, म्हणजे चिपच, वाचता येते.

आता बाईंचा हिशेब मांडू. शनिवारी सकाळी चिपमध्ये ६० रुपये होते. त्या दिवशी त्यांनी २५ रुपयांचे दोन प्रवास केले, म्हणून चिपमध्ये १० उरले. या दोन प्रवासांच्या नोंदी बँकेकडे अजून पोचल्या नव्हत्या, त्यामुळे रविवारी ॲपने जुनेच ६० दाखवले. भरलेले २०० रुपये बँकेच्या वहीत चढले, चिपमध्ये नाही. म्हणजे दोन्ही वह्या अपुऱ्या होत्या. बँकेच्या वहीत प्रवास नव्हते आणि चिपमध्ये भरणा नव्हता. खरा हिशेब ६० − २५ − २५ + २०० = २१०. बाईंच्या अपेक्षेहून ५० कमी, आणि ते ५० त्यांनी शनिवारीच खर्चले होते!

शोध घेताना आम्ही पैशाच्या वाटेनेच गेलो. पहिली चौकी आपल्या बँक खात्याची. रक्कम वजा झाली का? झाली होती. त्या नोंदीसोबत १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो, पुष्कळदा `RRN` या नावाने. पुष्कळ वेळा त्याचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन अंक वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. बाईंचा क्रमांक ५१८७ ने सुरू होत होता. जानेवारी ते जूनचे १८१ दिवस अधिक ६, म्हणजे १८७ वा दिवस. व्यवहार तोच, याची ही एक सोपी खूण.

दुसरी चौकी ॲपची. तेथे व्यवहार यशस्वी म्हटला आहे का, आणि कार्ड क्रमांकाचे शेवटचे चार अंक आपल्याच कार्डाचे आहेत का? (घरात दोन कार्डे असली की भलत्याच कार्डात भरणा होतो, हे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.) बाईंच्या ॲपमध्ये रकमेपुढे `Pending` असे लिहिले होते. रात्री त्यांनी हा शब्द वाचलाच नव्हता. खात्यातून रक्कम गेली पण ॲप ‘अयशस्वी’ म्हणते, अशी स्थिती असती तर गोष्ट वेगळी. यूपीआयने केलेला असा भरणा व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यावा, आणि पुढे दर दिवसाच्या विलंबाला १०० रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. तोवर घाईने दुसरा भरणा करू नये. नाहीतर दोन व्यवहारांचा गुंता होतो.

तिसरी चौकी स्थानकाच्या खिडकीवरील किंवा स्वयंचलित यंत्राची. येथे ‘नवा रिचार्ज’ मागायचा नाही, ‘बॅलन्स अपडेट’ करून द्या म्हणायचे. मग यंत्र बँकेशी संपर्क साधते, आणि बँक सांकेतिक स्वाक्षरी केलेली एक आज्ञा पाठवते. चिप ती स्वाक्षरी तपासते आणि मगच रक्कम वाढवते. यंत्र येथे केवळ निरोप्या. त्याच्या मनाने त्याला एक रुपयाही वाढवता येत नाही. ही देवघेव पुरी होईपर्यंत कार्ड हलवायचे नाही. मध्येच उचलले, तर आज्ञा चिपने पाळली की नाही हे यंत्राला कळत नाही. अशा वेळी आधी फक्त शिल्लक वाचून घ्यावी. ती वाढली नसेल आणि ॲपमध्येही रक्कम शिल्लक दिसत नसेल, तर यंत्राची पावती घेऊन कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार करावी. खिडकीवरच्या माणसाशी भांडण्यात अर्थ नाही, त्याच्या हाती ती वही नाही. बाईंच्या कार्डाला मात्र काही सेकंदच लागले आणि पडद्यावर २१० आले.

बसच्या वाहकाकडील यंत्र नुसते भाडे कापणारे असेल, तर त्यावर हे काम होणार नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मग शिल्लक फक्त दूरच्या संगणकातच का ठेवू नये? तशा पद्धती आहेत, आणि त्यांत भरणा लगेच दिसतो. पण सिंगापूरमध्ये जानेवारी २०२४ मध्ये जुनी, चिपमध्ये रक्कम ठेवणारी कार्डे बंद करण्याचे जाहीर झाले, तेव्हा लोक नाराज झाले. कारण नव्या पद्धतीत फाटकावर कापलेले भाडे आणि उरलेली शिल्लक दिसत नव्हती. दोन आठवड्यांच्या आतच तो निर्णय मागे घ्यावा लागला.

बाईंनी शेवटी विचारले, ‘रविवारी रात्री कार्ड हरवले असते तर?’ बहुतेक बँकांच्या नियमांप्रमाणे चिपमधले १० रुपये गेले असते, कारण ते खिशातल्या रोख पैशांसारखेच. चिपमध्ये न चढलेले २०० मात्र बँकेच्या वहीतच होते.