पदवी जूनमध्ये, सवलत सप्टेंबरमध्ये

कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींच्या मोबाइलवर जाहिरातींविना यूट्यूब पाहण्याची सोय आता सर्रास दिसते. यूट्यूब प्रीमियमची विद्यार्थी योजना त्यासाठीच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारतातले दर बदलले, तेव्हा विद्यार्थ्यांसाठी महिन्याला ८९ रुपये आणि इतर एकट्या ग्राहकासाठी १४९ रुपये असा भाव ठरला. त्याआधी विद्यार्थ्यांकडून ७९ रुपये घेतले जात. म्हणजे विद्यार्थी म्हणून एकदा नाव लागलं की तोच दर कायम राहील, असं कुणीही धरून चालू नये. भाव वाढला की सवलतीचा भावही वाढतो. पण खरा प्रश्न त्या दहा रुपयांचा नाही. शिक्षण संपल्यावर ८९ चे १४९ नेमके कधी होतात, हे बहुतेकांना माहीत नसतं आणि ते कुणाला विचारून होत नाहीत.

सवलत कुणाला मिळते, इथून सुरुवात करू. पदवी किंवा त्यापुढचं शिक्षण देणाऱ्या मान्य संस्थेत सध्या प्रवेश घेतलेला असावा, ही मुख्य अट. अकरावी-बारावीचं ज्युनिअर कॉलेज यात बसत नाही. पुण्यात सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा कितीही मन लावून शिकत असला, तरी तो क्लासचा विद्यार्थी आहे, संस्थेत प्रवेश घेतलेला नाही. त्यामुळे तोही यात बसत नाही. ही तपासणी यूट्यूब स्वतः करत नाही. शीअरआयडी नावाची कंपनी ते काम करते. नाव, जन्मतारीख आणि कॉलेजचं नाव भरलं की काही वेळा लगेच होकार येतो. नाही आला तर कागद मागितला जातो. ओळखपत्र, फीची पावती किंवा चालू सत्राचं वेळापत्रक यांपैकी एखादा फोटो काढून पाठवावा लागतो.

अर्ज नाकारले जातात ते बहुधा याच टप्प्यावर, आणि कारणं साधी असतात. कागदावर तीन गोष्टी स्पष्ट वाचता आल्या पाहिजेत: विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, संस्थेचं नाव आणि चालू वर्षाची तारीख. आपल्याकडच्या पुष्कळ ओळखपत्रांवर फक्त बॅच छापलेली असते किंवा प्रवेशाचं वर्ष असतं. त्यावरून आज तो शिकतो आहे की नाही, हे तपासणाऱ्याला कळत नाही. अशा वेळी ओळखपत्राचा हट्ट धरू नये, या वर्षाची फीची पावती द्यावी. दुसरा घोळ नावाचा. महाराष्ट्रात गुणपत्रिकेवर आणि पावतीवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं असा क्रम असतो, आणि अर्जात मात्र नाव आणि आडनाव अशा दोनच चौकटी असतात. त्या भरताना स्पेलिंग कागदावर आहे तसंच ठेवावं. ‘Kulkarni’ आणि ‘Kulkarnee’ हा फरक माणसाला किरकोळ वाटतो, पण कागद नाकारायला तेवढं पुरतं. संलग्न कॉलेजात शिकणाऱ्यांना यादीत कॉलेज सापडत नसेल, तर विद्यापीठाच्या नावाने शोधून पाहावं.

होकार एका वर्षासाठी असतो. वर्ष संपत आलं की पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते, आणि असं सगळं मिळून चार वर्षांपर्यंतच चालतं. ही चार वर्षं सलग असायला हवीत असं नाही. मध्ये सोडून पुन्हा घेतली तरी चालतं, मात्र एकूण मर्यादा तीच. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आर्किटेक्चर पाच वर्षांचं आहे, बारावीनंतरचा विधी अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे, आणि एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं. या मुलांनी पहिल्या वर्षापासून सवलत घेतली, तर विद्यार्थी असूनही शेवटच्या वर्षी पूर्ण दर भरावा लागेल. पहिलं वर्ष तसंच काढून दुसऱ्या वर्षापासून घेतली, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला ती शेवटपर्यंत पुरते. चार वर्षांची बी.ई. करून पुढे एम.ई. करणाऱ्यालाही हाच हिशेब लागू आहे, कारण नवीन पदवीला प्रवेश घेतला म्हणून मोजणी शून्यापासून सुरू होत नाही.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने १० सप्टेंबर २०२४ रोजी ही योजना घेतली. १० सप्टेंबर २०२५ ला ती शेवटच्या वर्षात आहे, तेव्हा नव्या पावतीवर तिची दुसरी तपासणी पार पडते. मे २०२६ मध्ये परीक्षा, जूनमध्ये निकाल. निकाल लागला त्या दिवशी यूट्यूबला काही कळत नाही. कळणार तरी कसं, तपासणी वर्षातून एकदाच होते. जून, जुलै, ऑगस्ट असे ८९ रुपयेच कापले जातात. पुढची तपासणी सप्टेंबरमध्ये येते, आणि तोवर तिच्याकडे दाखवायला चालू वर्षाचा कागद उरलेला नसतो. सदस्यत्व बंद होत नाही, ते साध्या दराच्या योजनेत जातं आणि १४९ रुपये कापायला सुरुवात होते. सवलतीत वर्षाला १,०६८ रुपये जात होते, आता १,७८८ जातील.

हा बदल आपोआप होतो, यावर माझा आक्षेप आहे. गरज संपल्यावर सेवा थांबावी आणि हवी असेल तर माणसाने पुन्हा घ्यावी, हे अधिक सरळ झालं असतं. नोकरी शोधणाऱ्या पोराच्या खात्यातून जास्त पैसे जाणं ही त्याची निवड नसते, त्याचं दुर्लक्ष असतं, आणि त्या दुर्लक्षावर दर बेतलेला असावा हे मला पटत नाही. पण अट सुरुवातीलाच लिहिलेली असते, त्यामुळे फसवलं असंही म्हणता येत नाही. तेव्हा हातात काय आहे ते पाहिलेलं बरं.

रिझर्व्ह बँकेचा ई-मॅन्डेटचा नियम इथे फार कामाचा आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून, कार्डावरून किंवा यूपीआय ऑटोपेवरून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान चोवीस तास आधी ग्राहकाला द्यावी लागते. त्या संदेशात कुणाला, किती आणि कधी हे लिहिलेलं असतं, आणि त्या एका व्यवहाराला किंवा पूर्ण परवानगीलाच नकार देण्याची सोय असते. सप्टेंबरमधल्या त्या एका संदेशात ८९ च्या जागी १४९ दिसतील. दर महिन्याला येतो म्हणून आपण तो न वाचता बाजूला सारतो, आणि नेमका त्याच वेळी आकडा बदललेला असतो.

रक्कम वाढली तर बँक अडवेल, ही आशाही फोल आहे. परवानगी देताना आपण बहुधा ठरावीक रकमेला मान्यता देत नाही, ‘इतक्यापर्यंत’ अशी कमाल मर्यादा मान्य करतो. ती मर्यादा १४९ किंवा त्याहून जास्त असेल, तर १४९ रुपये पिन न मागता जातात. असे व्यवहार नव्याने ओटीपी न घेता करण्याची सर्वसाधारण मर्यादा २०२२ पासून १५,००० रुपये आहे, त्यामुळे इतक्या लहान रकमेला तिथे कुणी थांबवत नाही. आपली मर्यादा किती आहे ते यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत दिसतं. मात्र परवानगी रद्द करणं आणि सदस्यत्व रद्द करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योजना नकोच असेल तर यूट्यूबमध्ये आपल्या खात्याच्या `Purchases and memberships` या पानावर जाऊन ती रद्द करावी. रद्द केल्यावरही, पैसे भरलेला महिना संपेपर्यंत सेवा चालू राहते. एकदा पूर्ण दराचे पैसे गेले, की उरलेल्या दिवसांचे परत मिळत नाहीत.

आपल्या उदाहरणातल्या मुलीपुढे सप्टेंबरमध्ये दोन-तीन वाटा आहेत. ती पुढे शिकणार असेल, तर तिच्या चारपैकी दोन वर्षं शिल्लक आहेत आणि नव्या कॉलेजच्या पावतीवर तिला पुन्हा सवलत मिळू शकते. अडचण वेळेची येते. आपल्याकडे पदव्युत्तर प्रवेशाच्या कॅप फेऱ्या लांबतात, आणि १० तारखेला हातात प्रवेशाचा कागद नसण्याची शक्यता बरीच. अशा वेळी १४९ भरत बसण्यापेक्षा सदस्यत्व रद्द करून, फी भरल्याची पावती मिळाल्यावर नव्याने विद्यार्थी म्हणून यावं.

नोकरी लागली असेल आणि सेवा हवीच असेल, तरी दर महिन्याला १४९ भरण्याचं कारण नाही. ऑगस्ट २०२४ च्या दरांनुसार एकदम वर्षाचे भरले तर १,४९० रुपये पडतात, म्हणजे २९८ रुपये वाचतात. ही आगाऊ योजना मुदत संपली की थांबते, आपोआप पुढे सरकत नाही. मला तीच सर्वांत सुरक्षित वाटते. घरात चार-पाच जण पाहणारे असतील तर कौटुंबिक योजना २९९ रुपयांना आहे. घेणाऱ्यासह सहा जणांना ती चालते. चौघांत वाटली तर माणशी पंचाहत्तर रुपयांच्या आत येते, म्हणजे विद्यार्थी सवलतीपेक्षाही स्वस्त. पण सगळे एकाच पत्त्यावर राहणारे असावेत ही तिची अट आहे, त्यामुळे हॉस्टेलच्या चार मित्रांनी मिळून घेण्याची ती योजना नाही.

इतर कंपन्यांचं कामकाज ढोबळमानाने असंच चालतं. स्पॉटिफायची विद्यार्थी सवलतही वर्षावर्षाने वाढवावी लागते आणि चार वर्षांनी थांबते. सॉफ्टवेअर विकणारे मात्र वेगळा विचार करतात, कारण विद्यार्थी उद्या त्यांचाच पैसे देणारा ग्राहक होणार असतो. प्रोग्रॅमिंगची साधनं बनवणारी जेटब्रेन्स ही कंपनी विद्यार्थ्यांना एका वर्षाचा परवाना मोफत देते, तो दरवर्षी नवा करून घेता येतो, आणि शिक्षण संपल्यावर वैयक्तिक परवान्यावर चाळीस टक्के सूट देते. मात्र मोफत परवान्यावर पैशांचं काम करायला परवानगी नसते. फ्रीलान्सिंग सुरू केलेल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी ही अट नीट वाचावी.

ॲडोबीच्या योजनांत आणखी एक खोच आहे. ‘वार्षिक, पण हप्ता दर महिन्याला’ असा पर्याय निवडला तर तो वर्षाचा करार असतो, आणि पहिल्या चौदा दिवसांनंतर मध्येच सोडला तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम दंड म्हणून लागू शकते. ही अट ग्राहकांपासून झाकली, असा आरोप ठेवून फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून अमेरिकेच्या न्याय विभागाने जून २०२४ मध्ये कंपनीवर खटला भरला. ज्या विद्यार्थ्याचं शिक्षण चार महिन्यांनी संपणार आहे, त्याने वर्षाचा करार करूच नये.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांची तेरा प्रकारांची यादी जाहीर केली. सदस्यत्व रद्द करण्याची वाट अवघड करणं किंवा लपवणं हा त्यातला एक प्रकार. रद्द करण्याचं बटण सापडतच नसेल, किंवा रद्द करूनही पैसे जात असतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. अट वाचायची राहून गेली, हे मात्र त्या यादीत बसत नाही.

म्हणून योजना घेतली त्याच दिवशी पुढच्या तपासणीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, तिच्याआधी आठ दिवसांची आठवण लावा. कळवणारी मेल ज्या गूगल खात्यावर योजना आहे त्यावर येते. ते खातं कॉलेजने दिलेलं असेल तर पदवीनंतर ते बंद होऊ शकतं, म्हणून योजना पहिल्यापासून स्वतःच्या खात्यावरच घ्या. आणि दर आज किती आहेत, ते पैसे भरण्याच्या पानावर पुन्हा एकदा पाहून घ्या.