चौदा सेंटिमीटर तीन मिलिमीटर

वाचनालयाच्या छपरासाठी पैसे उभे करायचे म्हणून पदयात्रा काढायचं ठरलं. चालणाऱ्याच्या मागे उभा राहणारा प्रत्येक देणगीदार किलोमीटरमागे दहा-वीस रुपये देणार होता. अलिबागच्या किनाऱ्यावरून निघायचं, रस्त्याने खाडीवरचा पूल ओलांडून आक्षीला जायचं, तिथून वाळूवर उतरून नागावच्या बाजूला चालायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. अंतर किती, असं विचारल्यावर कुणी सात म्हणालं, कुणी नऊ. किलोमीटरवर पैसे ठरले असताना असं चालत नाही. म्हणून मी आमच्या गल्लीतल्या निवृत्त मोजणीदारांकडे गेले. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात.

अण्णांनी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाची झेरॉक्स टेबलावर पसरली. जुन्या क्रमांकाप्रमाणे पत्रक ४७ बी/१४, प्रमाण १:५०,०००. म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. मग त्यांनी शिवणाच्या डब्यातून पांढरा सुती दोरा काढला. नायलॉनचा नको, तो ताणला की वाढतो आणि सोडला की आखडतो. सुती दोराही मेणबत्तीवरून दोनदा ओढून घेतला, म्हणजे त्याचे तंतू बसतात आणि वळण दिलं तिथे तो जरा टिकतो.

एका टोकाला गाठ मारून ती किनाऱ्यावरच्या सुरुवातीच्या जागी डाव्या अंगठ्याने दाबायची. उजव्या हाताने दोरा रस्त्याच्या रेषेवर बसवत जायचं, एका वेळी बोटभरच. वळण आलं की तिथे टाचणीचं टोक टेकवायचं, दोरा तिच्याभोवती वळवायचा आणि मगच पुढे सरकायचं. मी पहिल्यांदा घाईने केलं. दोरा प्रत्येक वळणावर आतल्या बाजूला सरकला, कोपरे कापले गेले आणि पट्टीवर १३.६ सेंटिमीटर आले. "हा रस्ता कावळ्यासाठी आहे," अण्णा म्हणाले. सावकाश केलेली पुढची तीन मापं १४.१, १४.५ आणि १४.३ आली. पहिलं टाकून दिलं आणि या तिघांची सरासरी १४.३ धरली.

दोऱ्याला पाणी लागत नाही, ही यातली दुसरी गोष्ट. अलिबाग आणि आक्षी यांच्या मध्ये साखरची खाडी आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने दोरा टाकला तर तो खाडीच्या तोंडावरून सरळ पलीकडे जातो आणि अंतर छान कमी येतं. माणसाला मात्र आत वळून पुलावरूनच जावं लागतं. म्हणून दोरा टाकण्याआधी पेन्सिलीने वाट रेखून घ्यावी आणि ती रेघ कुठे निळ्या रंगावरून जाते का, हे बघावं. आमची झेरॉक्स काळी-पांढरी होती, त्यामुळे पूल शोधायला भिंग घ्यावं लागलं.

मी गणित केलं: १४.३ भागिले दोन, ७.१५ किलोमीटर. अण्णांनी न बोलता नकाशाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे प्रमाणपट्टी छापलेली असते, किलोमीटरच्या खुणा केलेली आडवी रेघ. तिच्यावरचे पाच किलोमीटर मोजायला सांगितले. दहा सेंटिमीटर यायला हवे होते, आले ९.४. झेरॉक्सवाल्याने कडेचा भाग कापला जाऊ नये म्हणून नकाशा जरा लहान केला होता. कागदावर १:५०,००० हे आकडे तसेच होते, पण ते आता खोटं बोलत होते. रेघ मात्र नकाशाबरोबरच आखडली होती, म्हणून ती खरी. १४.३ ला ९.४ ने भागून पाचने गुणलं, ७.६ किलोमीटर आले. जाऊन-येऊन जवळजवळ एका किलोमीटरचा फरक निव्वळ झेरॉक्सचा. तेव्हापासून मी नकाशाला फूटपट्टी लावतच नाही. दोरा थेट प्रमाणपट्टीवर नेऊन ठेवते.

मला वाटलं, संपलं. अण्णांचं म्हणणं, दोरा कितीही नीट टाका, तो कमीच सांगतो, आणि त्यात दोऱ्याचा दोष नाही. या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. रस्ता खरोखर जेवढा रुंद, तेवढाच काढला तर दिसणारच नाही, म्हणून तो जाड काढतात आणि वाड्यांच्या कुंपणांना वळसे घालणारी त्याची बारीक वळणं त्या जाडीत गिळली जातात. चढाचं म्हणाल तर तो मुद्दा फारसा नाही. शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ताही किलोमीटरमागे सव्वा मीटरच वाढवतो, आणि आमची वाट तर सपाटच.

गिळलेलं किती, हे कळायला जमिनीवर जावं लागतं. रस्त्यावरच्या शर्यतींचं अंतरही सायकलच्या चाकानेच मोजतात, आणि चुकून कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर वाढवून धरतात. आम्ही भाड्याची सायकल घेतली. टायरवर खडूची खूण केली आणि मी सीटवर बसून चाकाचे दहा फेरे पुढे गेले. बसूनच, कारण वजनाने टायर दबतो आणि फेरा लहान होतो. टेपने २०.७ मीटर भरले, म्हणजे एका फेऱ्याला २.०७. मग दोऱ्याने बरोबर दोन किलोमीटर सांगितलेला वळणावळणाचा तुकडा घेतला. शंभर फेरे झाले की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्यात. दहा चिंचोके आणि वर पाच फेरे, १००५. गुणाकार २०८० मीटर. दोरा शंभरात चार कमी सांगत होता.

ही वाढ सगळ्या वाटेला लावायची नाही. दोऱ्याच्या ७.६ पैकी ५.२ किलोमीटर रस्ता होता, उरलेले २.४ वाळूवरचे. वाळूवर वळणं नाहीत, तिथलं माप तसंच राहू दिलं. रस्त्याचे चार टक्के वाढवून ५.४ झाले, एकूण ७.८. जाऊन-येऊन १५.६. पत्रकावर असा आकडा छापला तर तो मोजलेला वाटतो खरा, पण पुढचा सहा आम्हाला तरी कुठे नक्की ठाऊक होता? पंधरा छापायचे आणि परतीची जागा तीनशे मीटर अलीकडे घ्यायची, असं ठरलं. नकाशावर दोरा साडेपाच मिलिमीटर मागे ओढला.

वाळूवर आणखी एक हिशेब लागतो. भरतीला ओली, कडक वाळू पाण्याखाली जाते आणि लोक वरच्या भुसभुशीत वाळूत फाकत चालतात. किनाऱ्यावरचा जुना नियम असा की तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, तर सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी. आम्ही चतुर्थीच धरली, साडेसहाला सुटायचं.

आदल्या संध्याकाळी ठरवलेल्या टोकापासून १४५ फेरे सायकल मागे आणली. ओल्या वाळूत टायर थोडा रुतत होता, म्हणून चारपाच मीटर इकडेतिकडे झाले असतील. तिथे मी फक्कीची रेघ मारणार, तोच अण्णांनी हात धरला.

"रात्री तीनला पाणी कुठवर येतं गं?"

फक्कीची पिशवी बंद केली आणि वरच्या सुरूच्या झाडाला लाल फडकं बांधलं.