सावली, धुकं आणि कोपऱ्यातला काळोख : गेमचा वेळ नेमका कुठे जातो?

गेम अडखळायला लागला की बहुतेक जण सेटिंग्जच्या मेन्यूत जातात आणि एका फटक्यात सगळंच 'लो' करून टाकतात. गेम पळायला लागतो खरा, पण दिसतो अगदी भकास. वास्तविक त्या मेन्यूतल्या बहुतेक ओळी फारसं काही खात नाहीत. खर्चिक असतात त्या मोजक्याच. पण ओळीच्या नावावरून तिचा खर्च कळत नाही आणि गैरसमज तिथेच सुरू होतात.

गैरसमज १ : 'अमुक सेटिंग लावली की दहा एफपीएस जातात.'

वस्तुस्थिती : सेटिंग एफपीएस खात नाही, वेळ खाते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. सावल्या, धुकं, पाणी, माणसं, झाडं हे सगळं तेवढ्यात आटपायचं असतं.

समजा, एखादी सेटिंग ३ मिलिसेकंद घेते. ६० एफपीएसवर ती लावली, तर फ्रेमला १९.७ मिलिसेकंद लागतील आणि एफपीएस ५१ च्या आसपास येतील. तीच सेटिंग १४४ एफपीएसवर चालणाऱ्या गेममध्ये लावली, तर आकडा थेट १०० वर घसरेल. खर्च दोन्हीकडे तेवढाच, ३ मिलिसेकंद. म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर 'इतके एफपीएस गेले' हे वाचून आपल्याकडे काय होईल याचा अंदाज बांधता येत नाही. तुलना करायचीच असेल, तर फ्रेमच्या वेळेची करावी.

गैरसमज २ : 'टेक्स्चर सगळ्यात जड, आधी ते कमी करा.'

वस्तुस्थिती : टेक्स्चर वेळेपेक्षा जागा जास्त खातात. भिंतीवर, कपड्यांवर चढवलेली ही चित्रं ग्राफिक्स कार्डच्या मेमरीत, म्हणजे व्हीरॅममध्ये, ठेवलेली असतात. ४०९६ × ४०९६ पिक्सेलचं एक टेक्स्चर नेहमीच्या बीसी७ पद्धतीने दाबून ठेवलं तरी १६ एमबी घेतं. २०४८ × २०४८ चं ४ एमबी. मेमरीत जागा आहे तोवर 'हाय' आणि 'लो' यांच्या वेगात क्वचितच जाणवण्याजोगा फरक पडतो.

जागा संपली की मात्र चित्र पालटतं. लागेल ते टेक्स्चर संगणकाच्या मुख्य मेमरीतून ओढून आणावं लागतं आणि गेम झटके देऊ लागतो. ही खूण ओळखायला सोपी आहे. एरवी एफपीएस चांगले असतात, पण झटकन मागे वळलं किंवा नव्या भागात शिरलं की क्षणभर सगळं अडकतं. असं होत असेल तरच टेक्स्चर एक पायरी खाली आणावं. नसेल, तर त्याला हात लावू नये. कारण टेक्स्चर 'लो' केल्यावर गेम जितका कुरूप दिसतो तितका दुसऱ्या कुठल्याही सेटिंगने दिसत नाही.

गैरसमज ३ : 'सावली म्हणजे जमिनीवरचा काळा डाग. तिला कितीसा वेळ लागणार?'

वस्तुस्थिती : सावली काढायची तर दृश्य पुन्हा एकदा काढावं लागतं. १९७८ मध्ये लान्स विल्यम्स यांनी मांडलेली 'शॅडो मॅप'ची पद्धत थोड्याफार फरकाने आजही बहुतेक गेममध्ये चालते. आधी कॅमेरा सूर्याच्या जागी नेऊन दृश्य काढायचं आणि सूर्यापासून कोणती वस्तू किती अंतरावर आहे एवढंच नोंदवायचं. मग खेळाडूच्या नजरेतून चित्र काढताना प्रत्येक पिक्सेलपाशी विचारायचं : सूर्य आणि ही जागा यांच्या मध्ये कुणी उभं आहे का? असेल, तर तिथे सावली.

मोकळ्या मैदानाच्या गेममध्ये असा एक नकाशा पुरत नाही. पायाजवळची सावली रेखीव हवी आणि दूरच्या डोंगरावरची कशीही चालते, म्हणून जवळ, मध्यम, दूर असे बऱ्याचदा तीन-चार नकाशे काढतात. एखादं मोठं झाड दोन नकाशांत येत असेल, तर ते दोनदा काढलं जातं. कंदिलासारखा चहूकडे उजेड टाकणारा दिवा असेल, तर त्याच्या सावलीसाठी सहा दिशांचे सहा नकाशे लागतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, 'हे काढ, ते काढ' असे हुकूम ग्राफिक्स कार्डला प्रोसेसर देतो. त्यामुळे सावल्यांचा भार ग्राफिक्स कार्डइतकाच प्रोसेसरवरही पडतो. दुसरी, स्क्रीनचं रिझोल्यूशन कमी केल्याने सावलीचा नकाशा सहसा लहान होत नाही. २०४८ × २०४८ चा नकाशा १०८० पीलाही तेवढाच आणि ७२० पीलाही तेवढाच. रिझोल्यूशन उतरवूनही गेमचा वेग जेमतेमच वाढला, तर प्रोसेसर अडल्याचा संशय घ्यावा आणि सावलीचं अंतर कमी करून पाहावं. नुसती सावलीची कड मऊ करणारी सेटिंग उतरवून अशा वेळी काही हाती लागत नाही, कारण तो भार ग्राफिक्स कार्डचा असतो.

गैरसमज ४ : 'धुक्याने दूरचं झाकलं जातं, म्हणजे काम वाचतं.'

वस्तुस्थिती : जुन्या धुक्यापुरतं हे खरं होतं. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मध्ये धुक्यामागे दूरचं दृश्य लपायचं आणि पहिल्या प्लेस्टेशनला ते काढावंच लागत नव्हतं. आजचं व्हॉल्युमेट्रिक फॉग हा निराळा प्रकार आहे. त्यात प्रकाशाचे झोत दिसतात, खिडकीतून आलेली तिरीप हवेत तरंगते, आणि त्याची किंमत मोजावी लागते.

त्यासाठी कॅमेऱ्यासमोरची सगळी हवा छोट्या घनांमध्ये वाटली जाते. प्रत्येक घनात धुकं किती दाट, त्यावर कोणत्या दिव्याचा उजेड पडतो, की तो घन सावलीत आहे, याचा हिशेब होतो. अनरिअल इंजिन ४ मध्ये हे घन किती असावेत ते `BaseScalability.ini` या फाइलमध्ये लिहिलेलं असतं :

```
[ShadowQuality@2]
r.VolumetricFog.GridPixelSize=16
r.VolumetricFog.GridSizeZ=64

[ShadowQuality@3]
r.VolumetricFog.GridPixelSize=8
r.VolumetricFog.GridSizeZ=128
```

`@2` म्हणजे 'हाय' आणि `@3` म्हणजे 'एपिक'. 'हाय'वर स्क्रीनच्या १६ × १६ पिक्सेलला एक घन आणि खोलीच्या दिशेने असे ६४ थर. १९२० × १०८० च्या स्क्रीनवर १२० × ६८ × ६४, म्हणजे सुमारे ५.२ लाख घन झाले. 'एपिक'वर २४० × १३५ × १२८, म्हणजे जवळजवळ ४१.५ लाख. पायरी एकच, काम आठपट! एपिक गेम्सच्याच माहितीपत्रात या धुक्याचा खर्च प्लेस्टेशन ४ वर 'हाय'ला १ मिलिसेकंद आणि एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९७० वर 'एपिक'ला ३ मिलिसेकंद दिला आहे. यंत्रं वेगळी असल्याने दोन आकड्यांची थेट तुलना करू नये. पण ६० एफपीएसच्या १६.७ मिलिसेकंदांतले ३ एकट्या धुक्याने घेणं म्हणजे काय, ते त्यावरून कळतं.

आता त्या फाइलमधला मथळा पुन्हा पाहा : `ShadowQuality`. धुक्याचा हिशेब सावलीच्या खात्यात मांडलेला आहे. इंजिनची मूळ मांडणी तशीच ठेवणाऱ्या गेममध्ये सावली 'एपिक'वरून 'हाय'वर आणली, की धुक्याचं कामही आठव्या हिश्श्यावर येतं. 'सावली उतरवली आणि केवढा फरक पडला!' असं म्हणणाऱ्याचा बराचसा फायदा धुक्यातून आलेला असू शकतो. उलट, सावली 'मिडियम'वर नेली की हे धुकं पूर्ण बंद होतं आणि खिडकीतली तिरीप कुठे गेली हे कळत नाही. काही गेम धुक्याला स्वतंत्र ओळ देतात. तशी असेल तर आधी तीच उतरवावी.

गैरसमज ५ : 'ॲम्बियंट ऑक्लूजन हीसुद्धा सावलीच, तितकीच जड.'

वस्तुस्थिती : कपाटामागे, पायऱ्यांच्या सांध्यात, गवताच्या बुंध्याशी जो हलका काळोख साचतो तो ॲम्बियंट ऑक्लूजनने येतो. त्यासाठी दृश्य पुन्हा काढावं लागत नाही. २००७ च्या 'क्रायसिस'मध्ये क्रायटेक कंपनीने स्क्रीनपुरती मर्यादित असलेली पद्धत आणली आणि तिलाच एसएसएओ म्हणतात. काढून झालेल्या चित्रात प्रत्येक पिक्सेलच्या आजूबाजूचे काही बिंदू तपासायचे. ते पुढे आलेले असतील, तर हा पिक्सेल खोबणीत आहे असं धरून तो थोडा काळसर करायचा.

म्हणून याचा खर्च दृश्यात माणसं किती यावर जवळपास अवलंबून नसतो. तो पिक्सेल किती आणि प्रत्येकापाशी किती बिंदू तपासले यावर ठरतो. प्रत्येकी १६ बिंदू धरले, तर १०८० पीला सुमारे ३.३ कोटी तपासण्या होतात आणि ४केला त्याच्या चौपट. खर्च आटोक्यात ठेवायला अनेक गेम हे काम निम्म्या रिझोल्यूशनवर करून नंतर ते पुसट करून घेतात. प्रोसेसर अडलेला असेल, तर ही सेटिंग बंद करून काहीही मिळत नाही. रे ट्रेसिंगने केलेलं ऑक्लूजन मात्र वेगळंच. ते खरोखर महाग असतं.

बंद केल्यावर वस्तू जमिनीपासून सुटून तरंगल्यासारख्या दिसतात. म्हणून ही सेटिंग शक्यतो खालच्या पायरीवर आणावी, पण ठेवावी. इथेही नावाखाली काय दडलंय ते पाहावं : अनरिअलमध्ये हे ऑक्लूजन 'पोस्ट-प्रोसेसिंग'च्या गटात येतं. नुसता मोशन ब्लर घालवायचा म्हणून तो गट 'लो' केला, तर कोपऱ्यातला काळोखही जातो.

मग करायचं काय?

गेममधली गर्दीची, धुकट, झाडांची एक जागा निवडा आणि तिथे गेम सेव्ह करा. व्ही-सिंक आणि एफपीएसची मर्यादा काढा. एमएसआय आफ्टरबर्नरसारखं साधन लावून फ्रेमचा वेळ आणि ग्राफिक्स कार्डचा वापर पाहा. वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर अडचण ग्राफिक्स कार्डची आहे : आधी धुकं, मग सावलीचा दर्जा, शेवटी ऑक्लूजन एकेक पायरी उतरवा. वापर ६०-७० टक्क्यांवरच असेल, तर बहुधा प्रोसेसर अडलाय : सावलीचं अंतर, दृश्याचं अंतर आणि गर्दी कमी करा. एका वेळी एकच ओळ बदला, आणि काही सेटिंग गेम पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाहीत हे लक्षात ठेवा.

सगळ्यात वरची पायरी बहुतेक वेळा सगळ्यात तोट्याची असते. धुकं आणि सावली तेवढी एक पायरी खाली आणा. बाकीचा गेम 'लो' करण्याची वेळ सहसा येणार नाही.